पीठ रांगेत थांबत नाही

माझ्या मामाची कोल्हापुरात बेकरी आहे. बेकरी म्हटल्यावर केक आणि काचेचं काउंटर डोळ्यांसमोर येत असेल, तर तसं काही नाही. पत्र्याची शेड, एक मिक्सर, एक डिझेलवर चालणारा ओव्हन, एक स्लाइस कापायचं मशीन आणि बाहेर तीन छोटे टेम्पो. इथे फक्त स्लाइस ब्रेड होतो. कोल्हापुरात मिसळीबरोबर पावाऐवजी बऱ्याच ठिकाणी ब्रेड मिळतो, आणि मिसळवाले सकाळी सातच्या आत शटर उघडतात. म्हणजे ब्रेड त्याच्याही आधी त्यांच्या दारात पडलेला हवा.

बावीस वर्षं मामाचा दिनक्रम एकच होता. संध्याकाळी सातला बेकरीत जायचं, पहिल्या पिठात हात घालून बघायचा, दोन-चार गोष्टी सांगून जेवायला घरी. दहाला झोप. रात्री एकला उठून परत बेकरीत, ते शेवटचा टेम्पो साडेपाचला हलेपर्यंत. मग या जानेवारीत त्याची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी औषधांची यादी दिली आणि शेवटी सांगितलं, रात्रीचं जागरण बंद.

मी पुण्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्या काळात घरून काम करायची सवलत घेऊन कोल्हापूरला आलो होतो. मामी एका दुपारी म्हणाली, "तू एवढं कॉम्प्युटरचं शिकलायस. यांची झोप होईल असं कायतरी बसवून दे की."

मला हे काम सोपं वाटलं होतं. माझ्या टीमचं रोजचं कामच मुळी रांगा सांभाळण्याचं आहे. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, कुठे गर्दी होते, कुठे यंत्र रिकामं बसतं. बेकरीत तर फक्त आठ घाणे होते. लाखो रिक्वेस्ट सांभाळणाऱ्याला आठ घाणे म्हणजे काय!

बेकरीचं वेळापत्रक सुरुवातीकडून लिहायचं नसतं, शेवटाकडून लिहायचं असतं. टेम्पो कधी निघतो तिथून मागे मागे यायचं. मामाकडे गडहिंग्लजचा टेम्पो पहाटे चारला निघतो, कारण त्याला लांब जायचं. कागलकडचा पावणेपाचला. शहरातला साडेपाचला. म्हणजे शेवटचा ब्रेड सव्वापाचपर्यंत पिशवीत गेला पाहिजे.

आता एका घाण्याचा प्रवास बघा. पन्नास किलो मैद्याचं एक पोतं, त्यात एकोणतीस किलो पाणी, यीस्ट, मीठ, साखर, थोडं तेल. हे मिक्सरमध्ये १५ मिनिटं मळायचं. (यापुढे 'पीठ' म्हणेन ते या मळलेल्या पिठाला, कोरड्याला मैदा.) मग ते तासभर झाकून ठेवायचं, म्हणजे यीस्ट कामाला लागतं आणि पीठ फुगतं. मग तोडून, वजन करून, गोल करून, लांब वळून डब्यांमध्ये घालायचं. चार जण मिळून हे २५ मिनिटांत करतात. डब्यांची ट्रॉली वाफेच्या गरम खोलीत जाते, तिथे अजून एक तास. मग ओव्हन. ट्रॉली आत ढकलणं, भाजणं आणि बाहेर काढणं धरून ४० मिनिटं. मग ब्रेड दीड तास नुसता गार होऊ द्यायचा. शेवटी कापून पिशवीत भरायला अर्धा तास.

बाहेरच्या माणसाला सगळ्यात नवल वाटतं ते त्या दीड तासाचं. भाजून झालाय, टेम्पो उभा आहे, मग कापा की. पण गरम ब्रेड कापता येत नाही. आतला भाग अजून ओला असतो, पातं तो चिरत नाही, ओढतं. स्लाइसचे गोळे होतात. आणि कसाबसा कापून पिशवीत भरलाच तर वाफ प्लॅस्टिकच्या आत पाणी होऊन बसते आणि दोन दिवसांत बुरशी. त्यामुळे भट्टीतून उशिरा निघालेला ब्रेड टेम्पोच्या घाईसाठी पुढे रेटता येत नाही.

हे सगळं जोडलं तर एका घाण्याला पाच तास वीस मिनिटं लागतात. सव्वापाचमधून ती वजा केली की शेवटचा घाणा रात्री ११:५५ ला मिक्सरमध्ये पडायला हवा. ओव्हनमध्ये एका वेळी एकच ट्रॉली मावते आणि ती ४० मिनिटं घेते, म्हणून दोन घाण्यांमध्ये ४० मिनिटांचं अंतर. आठ घाण्यांचं मागे मोजत आलं की पहिला घाणा संध्याकाळी ७:१५ ला. मळणारा पोरगा सातला यायचा. पीठ तोडणारे चौघे साडेआठला. ओव्हन ९:१५ ला पेटवायचा, म्हणजे पहिली ट्रॉली ९:५५ ला तयार होईल तेव्हा तो तापलेला असेल. पॅकिंगची पोरं बाराला.

म्हणजे कुणी किती वाजता घरून निघायचं, हे मालक ठरवत नाही. पीठ ठरवतं. एवढं मला तेव्हाही कळलं होतं.

जानेवारीत मी तीन रात्री बेकरीत बसून मोबाइलवर सगळ्या वेळा मोजल्या. अंदाज नको, आकडे हवेत. तिन्ही रात्री आकडे दोन-चार मिनिटांच्या फरकाने तेच आले. मग एक छान रंगीत शीट बनवली. आठ घाण्यांच्या आठ पट्ट्या, प्रत्येक कामाची वेळ, प्रत्येकाच्या मोबाइलवर आठवण. भिंतीवर प्रिंटही लावली.

मामाने ती चष्मा लावून नीट बघितली. म्हणाला, "झ्याक हाय. पण ह्या शीटला पिठात हात घालता येतोय का?"

मला वाटलं, जुन्या माणसांना असंच वाटतं.

शीट चालली. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मामा रात्रभर झोपायला लागला. मामीने मला एकदा खास पांढरा रस्सा करून घातला. मी पुण्यातल्या मित्रांना फोनवर सांगितलंही, की बावीस वर्षं एक माणूस जे झोप मोडून करत होता ते एका शीटने होतं.

बेकरीतले मुख्य कारागीर म्हणजे चाचा. मामाच्याही आधीपासून ते या कामात आहेत. मिक्सर त्यांच्या ताब्यात. एप्रिलमध्ये ते पुतणीच्या लग्नाला चार दिवस निपाणीला गेले. जाताना मिक्सरवर त्यांच्या हाताखालच्या पोराला उभं केलं. पोरगा हुशार. मी त्याला म्हटलं, शीटमध्ये आहे तसंच कर, एक मिनिट इकडे-तिकडे नको. त्याने खरंच तसंच केलं.

रात्री ९:४० ला त्याचा फोन. "दादा, माल डब्याच्या वर आलाय, आणि ओव्हन अजून तापलाच न्हाई."

मी गेलो तेव्हा वाफेच्या खोलीत पहिल्या घाण्याचं पीठ डब्यांच्या काठावर येऊन गोल फुगलं होतं. दिसायला सुंदर. पण बोट लावलं तर खड्डा तसाच राहिला. तयार पिठात बोट हलकंच दाबलं की खड्डा सावकाश अर्धा भरून येतो. लगेच पूर्ण भरला तर पीठ कच्चं. अजिबात भरला नाही तर त्यातली ताकद संपलेली. ही खूण मला चाचांनीच कधीतरी चहा पिताना सांगितली होती, आणि मी ती शीटमध्ये कुठेही लिहिली नव्हती, कारण 'बोट' नावाचा रकाना कसा करायचा?

ओव्हन तापेपर्यंत पहिली ट्रॉली थांबली. आत गेली आणि ब्रेड चपट्या माथ्याचा निघाला. दुसरी ट्रॉली तर अर्धा तास थांबली होती. ओव्हनच्या उंबऱ्यावर चाकाला जरासा धक्का बसला आणि माझ्या डोळ्यांसमोर डब्यांमागून डबे बसत गेले. फुग्यातली हवा काढल्यासारखे. जवळ गेलं की आंबूस, दारूसारखा वास.

मामाला फोन करायचा नाही, असं मामीने बजावलं होतं. पहिला घाणा बघितल्या बघितल्या मी चाचांना फोन लावला होता. मागे लग्नाचा बँड वाजत होता.

"पाणी कसलं घातलं?" त्यांनी विचारलं.

"नळाचं."

"आणि बर्फ?"

"कसला बर्फ?"

पलीकडे दोन सेकंद नुसताच बँड.

मग त्यांनी भराभर सांगितलं. पाचवा घाणा मळू नका, आधी बर्फ आणा. वाफ बंद करा, त्या खोलीचं दार उघडं टाका. चौथ्या घाण्याचं पीठ ढिगात ठेवू नका, ठोकून हवा काढा आणि पातळ पसरून ठेवा, वारं लागू दे. ढिगात पीठ स्वतःच्याच गरमीनं अजून पळतं.

बर्फ मिळून पाचवा घाणा मळायला साडेदहा वाजले. म्हणजे ३५ मिनिटं उशीर. चौथा घाणा वाचला, तिसरा कसाबसा विकण्यासारखा निघाला. पहिले दोन गेले. त्यांचे काप करून पुन्हा भट्टीत वाळवून टोस्ट केले, म्हणजे अगदीच मातीत गेले नाहीत. पण टोस्टने मिसळ खात नाहीत.

पहाटे प्रश्न असा होता, की साडेतीनशेहून जास्त ब्रेड कमी आहेत, ते कुणाचे कमी करायचे? एरवी दोन घाणे गडहिंग्लजचे, दोन कागलकडचे आणि चार शहराचे. लांबच्या गिऱ्हाइकाला सकाळी दुसरा ब्रेड मिळणार नाही, शहरातल्याला मिळू शकतो. म्हणून लांबचे दोन टेम्पो भरून वेळेवर सोडले. शहराचा टेम्पो साडेपाचऐवजी सहाला निघाला, तोही अर्धा. दोन मिसळवाल्यांनी त्या सकाळी दुसऱ्या बेकरीतून ब्रेड घेतला. त्यातला एक परत आला. दुसरा आला नाही. तो मामाचा अठरा वर्षांचा गिऱ्हाईक होता.

दोन दिवसांनी चाचा आले. त्यांनी सांगितलं तेव्हा मला सगळं कळलं. मार्चच्या सुरुवातीलाच त्यांना पीठ पळायला लागलेलं जाणवलं होतं. दर उन्हाळ्यात मामाच बर्फवाल्याला फोन करायचा. या वर्षी मामा आजारी, म्हणून चाचाच येताना बर्फाची लादी सायकलला बांधून आणत होते. त्यासाठी स्वतःच्या खिशातून पैसे देत होते. कुणाला बोलले नाहीत, कारण त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. मामाला विचारलं तर तो म्हणाला, "उन्हाळ्यात बर्फ घालायचा, हे काय सांगायचं असतंय व्हय रं?"

म्हणजे माझी शीट अडीच महिने चालत होती असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात चाचा ती चालवत होते. आमच्या कामातही असं होतं. एखादा माणूस रोज गुपचूप काहीतरी दुरुस्त करत असतो आणि बाकीचे म्हणतात, सिस्टिम स्टेबल आहे. तो सुट्टीवर गेला की कळतं.

मग मी पुन्हा आकड्यांकडे बसलो. या वेळी चाचांना शेजारी बसवून.

पहिली गोष्ट ही, की पिठाचा 'एक तास' हा एक तास नसतोच. यीस्ट जिवंत आहे. पीठ गरम असेल तर ते भरभर काम करतं, गार असेल तर सावकाश. मिक्सरमधून पीठ २७ अंशांना निघालं, तर आमच्याकडे पहिला आराम साठ मिनिटं आणि डब्यातला साठ मिनिटं. त्या रात्री पीठ निघालं असणार ३३ ला. पहिले साठ झाले चाळीस, दुसरे साठ झाले पंचेचाळीस. मिळून ३५ मिनिटं लवकर. तोडणारे मात्र शीटप्रमाणे साडेआठलाच आले आणि ओव्हनही शीटप्रमाणे सव्वानऊलाच पेटला.

हे ३५ मिनिटांचं अंतर मग पुढे सरकत राहिलं. ओव्हनला एका ट्रॉलीला ४० मिनिटं लागतात आणि घाणेही ४० मिनिटांनीच येतात. मध्ये एका मिनिटाचीही मोकळी जागा नाही. त्यामुळे पहिल्या घाण्याला ३५ मिनिटं जास्त झाली, तर दुसऱ्यालाही ३५, तिसऱ्यालाही ३५. रांग कधी मोकळी होतच नाही. शीट बनवताना मी याच गोष्टीचं स्वतःशी कौतुक केलं होतं, की ओव्हन एक मिनिटही रिकामा राहत नाही.

आणि इथेच माझं रोजचं ज्ञान उपयोगाचं नव्हतं. मी ज्या रांगा सांभाळतो त्यात काम थांबलं तर ते आहे तसं थांबतं. तासाभराने उचललं तरी तेच काम असतं. पीठ रांगेत थांबत नाही. ते तिथे उभ्या उभ्या फुगत राहतं, आंबत राहतं आणि नंबर येईपर्यंत दुसरंच काहीतरी झालेलं असतं.

दुसरी गोष्ट अशी, की पीठ कितीला निघेल हे आधी सांगता येतं. यासाठी बेकरीवाल्यांचा एक जुना हिशेब आहे. मैद्याचं तापमान, खोलीचं तापमान, पाण्याचं तापमान आणि मळताना घर्षणाने वाढणारी गरमी यांची बेरीज करून तीनने भागायचं. येईल ते साधारण पिठाचं तापमान. घर्षणाचा आकडा प्रत्येक मिक्सरचा वेगळा. पीठ मळून, थर्मामीटर घालून, उलटा हिशेब केला की तो मिळतो. आमचा निघाला १०.

जानेवारीत मी वेळा मोजल्या तेव्हा मैदा २४ ला होता, खोली २५, टाकीचं पाणी २२. त्यात १० मिळवले की ८१. भागिले तीन, २७. म्हणजे त्या तीन रात्री नळाचं पाणी योगायोगाने बरोबर तेवढंच होतं जेवढं हवं होतं. मी तो योगायोग मोजला आणि त्याला नियम समजलो. एप्रिलच्या त्या संध्याकाळी मैदा २९, खोली ३०, आणि गच्चीवर दिवसभर तापलेल्या टाकीचं पाणी ३०. दहा मिळवून ९९. भागिले तीन, ३३.

मैदा आपण बदलू शकत नाही, खोली गार करायला पैसे नाहीत, घर्षण मिक्सरचं. हातात राहतं फक्त पाणी. म्हणून हिशेब पाण्यासाठी उलटा मांडायचा. त्या दिवशी पाणी हवं होतं ८१ वजा ६९, म्हणजे १२ अंशांचं. नळ देतो ३०. मग बर्फ किती? एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी ८० अंशांनी गार होतं. त्या ८० वरून बर्फाचं वजन काढता येतं. नवीन शीटमध्ये मी फक्त या दोन ओळी घातल्या:

```
water_temp = 81 - (flour + room + 10)
ice_kg = 29 * (tap - water_temp) / (80 + tap)
```

त्या रात्रीचे आकडे घातले तर उत्तर येतं पावणेपाच किलो. चाचांना मी न सांगता विचारलं होतं, की अशा दिवशी तुम्ही किती बर्फ घालता? ते म्हणाले, "पाचाच्या आसपास. लादी बघून."

एक चूक मात्र आम्ही पहिल्या आठवड्यात केली. त्या पोराने एकोणतीस किलो पाणी घातलं आणि वर पाच किलो बर्फ. पीठ एवढं सैल झालं की हाताला चिकटायला लागलं. बर्फ हेही पाणीच. तो एकोणतीसमधून वजा करायचा. आणि तो फोडून बारीक करायचा, नाहीतर १५ मिनिटांत वितळत नाही आणि पिठात गारेसारखे तुकडे सापडतात. बर्फही पिण्याच्या पाण्याचाच घ्यायचा, मासे ठेवायचा नव्हे.

अजून एक गोष्ट चाचांनी सांगेपर्यंत माझ्या लक्षात आली नव्हती. मला वाटायचं, रात्र चढेल तसं बाहेर गार होतं, मग बर्फ कमी लागत जाईल. उलटं होतं. ओव्हन पेटला की शेड ३४ अंशांवर जाते. पाचव्या घाण्याला पाणी ८ अंशांचं लागतं आणि बर्फ जवळजवळ सहा किलो. म्हणून आता तापमान एकदाच नाही, प्रत्येक घाण्याआधी मोजलं जातं. टोकदार दांडीचा साधा डिजिटल थर्मामीटर दोरीला बांधून मिक्सरजवळ टांगला आहे.

तिसरा बदल सगळ्यात अवघड होता, कारण तो माणसांचा होता. रांगेत थोडी मोकळी जागा हवी होती. दोन घाण्यांमधलं अंतर ४० वरून ४५ मिनिटं केलं. ओव्हन दर वेळी पाच मिनिटं रिकामा राहतो. कुठे दहा मिनिटांची घसरण झालीच तर दोन घाण्यांत ती भरून निघते. ३५ मिनिटांच्या गोंधळाला मात्र हे पुरत नाही. तो बर्फानेच टाळावा लागतो.

पण शेवट हलवता येत नाही. टेम्पो साडेपाचलाच निघणार. मग वाढलेली ३५ मिनिटं सुरुवातीला घालावी लागतात. पहिला घाणा ७:१५ ऐवजी ६:४० ला. तोडणारे साडेआठऐवजी ७:५५ ला. स्क्रीनवर हे एक आकडा बदलण्याइतकं सोपं होतं.

बेकरीत मी ते सांगितलं तेव्हा कुणीच काही बोललं नाही. मग चौघांतला एक जण म्हणाला, तो आठपर्यंत रिक्षा चालवतो. संध्याकाळची ती दोन तासांची भाडी सोडली तर त्याचं घर चालत नाही. साडेआठ त्याला जमायचं, ७:५५ नाही. मी त्याला उशिरा यायची सूट देऊ पाहिली, पण तीन जणांना एक घाणा तोडायला २५ ऐवजी ३५ मिनिटं लागतात, आणि पहिल्याच घाण्याला दहा मिनिटं उशीर म्हणजे ती मोकळी जागा सुरुवातीलाच संपली. शेवटी मामाने मार्ग काढला. तो रिक्षावाला बाराच्या पॅकिंगला गेला आणि पॅकिंगमधला एक पोरगा तोडायला आला. पॅकिंगची मजुरी थोडी कमी आहे. मामाने फरक स्वतः भरला. बाकीच्यांना वाढीव वेळेचे पैसे. रिकाम्या ओव्हनची ती पाच-पाच मिनिटं फुकट मिळालेली नाहीत, हे मला दर महिन्याच्या हिशेबात दिसतं.

आता ओव्हन कधी पेटवायचा, हे भिंतीवर लिहिलेलं नाही. पहिला घाणा मिक्सरमधून निघाला की थर्मामीटर घालतात. २७ आला तर ओव्हन ८:४० ला. प्रत्येक जास्तीच्या अंशाला सहा मिनिटं आधी, आणि तोडणाऱ्यांनाही तसा फोन. कमी आला तर तेवढं उशिरा. थंडीत हाच हिशेब उलटा फिरतो. डिसेंबरात मैदा आणि खोली दोन्ही वीसवर आले तर पाणी ३१ चं लागतं, म्हणजे बर्फ नाही, कोमट पाणी.

हा हिशेब सगळं सांगत नाही. मैद्याचा नवीन लॉट आला की कधी तो पाणी जास्त पितो, कधी कमी, आणि ते सूत्राला कळत नाही. वीज गेली की मिक्सर अर्ध्यात थांबतो. जुनं, नीट न ठेवलेलं यीस्ट आलं तर २७ असूनही पीठ ढिम्म. या सगळ्याला अजूनही बोटच लागतं. म्हणून शीटमध्ये मी शेवटी एक रकाना केला आहे. नाव 'चाचा'. त्यात ते हो किंवा नाही एवढंच लिहितात. 'नाही' आलं की पुढच्या वेळा कुणी शीटवर बघत नाही, चाचांना विचारतात. बर्फाचे पैसेही आता बेकरीच्या वहीत लिहिले जातात.

मी जूनमध्ये पुण्याला परत आलो. मामा बेकरीत आता फक्त संध्याकाळी जातो. मामी सांगते, झोपतो दहाला, पण बावीस वर्षांची सवय, एक वाजता डोळा उघडतोच. मग पलंगावर बसून बेकरीच्या ग्रुपवर एकच शब्द टाकतो, "किती?"

मिक्सरवरचा पोरगा शेवटच्या घाण्याच्या थर्मामीटरचा फोटो पाठवतो. सकाळी उठून मी रोज तो बघतो. बहुतेक वेळा २७ असतो, कधी २८. गेल्या आठवड्यात एकदा ३० होता. खाली मामाचा मेसेज होता, "मी येतोय." त्याच्याखाली मामीचा, "येत नाहीत. चाचांना उठवा."

त्याखाली पहाटे ५:३४ ला पोराने टाकलेला शहराच्या टेम्पोचा फोटो. चार मिनिटं उशीर.